मीटर बरोबर, पंप बंद: रिलेच्या होल्ड सर्किटमधला अंतिम करंट

मुलुंडमधल्या एका सात मजली सोसायटीची ही केस. गच्चीवरच्या टाकीत रीड प्रकारचा फ्लोट स्विच आणि तळमजल्यावरच्या पंपरूममध्ये छोटा कंट्रोल बोर्ड. टाकीतली पातळी उतरली की फ्लोटचा कॉन्टॅक्ट जुळतो, बोर्डावरचा १२ व्होल्टचा रिले उचलतो, रिले कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सप्लाय देतो आणि पंप सुरू होतो. तक्रार अशी होती की उन्हाळ्यात दुपारी पंप अधूनमधून काही सेकंद चालून बंद पडतो आणि मग टाकी रिकामी झाली तरी उठत नाही. बोर्डावरची लाल एलईडी मात्र लागलेली असते. इलेक्ट्रिशियन येतो, एमसीबी पाडून परत उचलतो, पंप लगेच सुरू होतो. वॉचमनचा प्रश्न साधा होता: "लाईट लागलीय, म्हणजे करंट येतोय ना? मग पंप का नाही?"

करंट खरंच येत होता, आणि हिशेबाप्रमाणे जेवढा यायला हवा बरोबर तेवढाच. डीसी सर्किटचा अंतिम करंट काढण्याची जी सोपी युक्ती सगळे शिकतात, ती काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे या बोर्डावर फार स्वच्छ दिसतं.

आधी सर्किट. १२ व्होल्टचा एसएमपीएस, त्याला सिरीजमध्ये गच्चीवरचा फ्लोट, मग १०० ओहमचा रेझिस्टर आणि शेवटी रिलेची कॉइल. रेझिस्टरला पॅरलल १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. कॉइलला उलट दिशेने एक डायोड, म्हणजे बंद करताना उठणारा व्होल्टेजचा झटका त्यात जिरतो. रिले लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळणारा, ३० अँपिअर कॉन्टॅक्टवाला. त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स १५५ ओहम आहे. एलईडी तिच्या रेझिस्टरसकट फ्लोटनंतरच्या १२ व्होल्टवर सरळ लावलेली आहे, म्हणून फ्लोट जुळला की ती लागते.

१०० ओहम आणि १००० मायक्रोफॅरडची ही जोडी रिले थंड ठेवण्यासाठी असते. रिलेला आर्मेचर खेचून घ्यायला जास्त करंट लागतो, पण एकदा खेचलं की मधली हवेची फट मिटते आणि बऱ्याच कमी करंटवर ते धरून राहतं. सुरुवातीला कपॅसिटर रिकामा असतो, रेझिस्टरला वळसा घालून पूर्ण १२ व्होल्ट कॉइलवर येतात. कपॅसिटर भरला की सगळा करंट रेझिस्टरमधून जातो आणि कॉइलला कमी मिळतं.

आता युक्ती. कपॅसिटरचा करंट त्याच्या व्होल्टेजच्या बदलाच्या वेगावर ठरतो, इंडक्टरचं व्होल्टेज त्याच्या करंटच्या बदलाच्या वेगावर. डीसी सप्लायवर सगळं शांत झालं, काहीच बदलेनासं झालं, की दोन्ही वेग शून्य. म्हणजे कपॅसिटरमधून करंट नाही, तो ओपन. इंडक्टरवर व्होल्टेज नाही, तो शॉर्ट. चित्रातून कपॅसिटर खोडायचा, इंडक्टरच्या जागी सरळ तार ओढायची आणि उरलेल्या रेझिस्टरांचं साधं गणित करायचं.

इथेच पहिली चूक होते. कॉइल म्हणजे इंडक्टर, इंडक्टर म्हणजे शॉर्ट, असं म्हणून अख्खी कॉइलच तार मानली की उरतो फक्त १०० ओहम आणि उत्तर येतं १२० मिलिअँपिअर. हे उत्तर पाहताक्षणी खटकायला हवं. रेझिस्टर लावलाच नसता तर कॉइल १२ व्होल्टवर ७७ मिलिअँपिअर घेते. सिरीजमध्ये एक रेझिस्टर वाढवल्यावर करंट वाढेल कसा? शॉर्ट होतो तो कॉइलचा फक्त इंडक्टन्सचा भाग. तांब्याच्या तारेचा १५५ ओहम जागेवरच राहतो. चित्र काढताना खरी कॉइल नेहमी दोन तुकड्यांत काढावी, एक रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमध्ये एक शुद्ध इंडक्टर, आणि शॉर्ट करताना फक्त दुसऱ्या तुकड्याला हात लावावा. रिले, कॉन्टॅक्टर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, मोटरचं फील्ड वाइंडिंग, सगळीकडे हीच शिस्त.

डायोडचंही एकदा बघून घ्यावं. स्थिर अवस्थेत कॉइलवरचं व्होल्टेज त्याला उलट बसतं, तो बंद असतो, म्हणून खोडला तरी चालतो. हे गृहीत धरायचं नसतं, उत्तर काढून झाल्यावर दिशा पडताळायची असते. गच्चीपर्यंत जाऊन येणारी सुमारे ५० मीटर तार, ०.७५ चौरस मिलिमीटरची, जेमतेम सव्वा ओहम भरते. २५५ मध्ये ती अर्धा टक्का, म्हणून सोडून दिली.

```
I  = 12 / (100 + 155) = 47.1 mA
Vc = 0.0471 x 100     = 4.7 V   (रेझिस्टर आणि कपॅसिटरवर)
Vk = 0.0471 x 155     = 7.3 V   (कॉइलवर)
```

कॉइलमध्ये आधी ०.९३ वॉट जळत होते, आता ०.३४. रेझिस्टरमध्ये ०.२२ वॉट जातात, तिथे अर्ध्या वॉटचा तुकडा हवा, पाव वॉटचा कडेवर चालतो आणि बंद पेटीत काळा पडतो. ७.३ व्होल्ट म्हणजे रेटेड व्होल्टेजच्या ६१ टक्के, होल्डसाठी ठीक. हे ठरवताना रिलेच्या डेटाशीटमधलं "रिलीज व्होल्टेज १० टक्के" वाचून १० टक्क्यांवरही रिले धरून राहील असं समजू नये. तो आकडा रिले कुठे नक्की सुटेल हे सांगतो, कुठपर्यंत नक्की धरेल हे नाही. काही कंपन्या होल्ड व्होल्टेज वेगळं देतात. ते दिलं असेल तर तेच घ्यावं.

तक्रारीच्या वेळी पंप बंद, एलईडी चालू अशा अवस्थेत मोजणी घेतली. रेझिस्टरवर ४.२ व्होल्ट, कॉइलवर ७.८, एसएमपीएसवर १२.०. रेझिस्टरवरच्या ४.२ व्होल्टवरून करंट ४२ मिलिअँपिअर. हिशेबातल्या ४७ पेक्षा थोडा कमी, पण त्याचं कारण साधं आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९३ टक्क्याने वाढतो. मे महिन्यातली पंपरूम, बंद पेटी, शेजारी कॉन्टॅक्टर आणि एसएमपीएस. कॉइल ७० अंशांवर गेली की २० अंशांवरचे १५५ ओहम सुमारे १८५ होतात. १२ भागिले २८५ म्हणजे ४२ मिलिअँपिअर. युक्तीचं उत्तर आणि मीटर तंतोतंत जुळले. कॉइलवरचं व्होल्टेज ७.३ वरून ७.८ झालेलं पाहून कुणाला वाटेल की कॉइलला जास्त मिळतंय, पण आर्मेचर खेचतो तो करंट, आणि तो घटला आहे.

मग बिघाड कुठे? या टप्प्यावर बोर्ड "ओके" म्हणून परत देण्याचा मोह होतो. कारण सगळे आकडे बरोबर आहेत. पण नीट पाहिलं तर या आकड्यांत कपॅसिटरचं मूल्य कुठेच आलेलं नाही. १००० मायक्रोफॅरड असो, १० असो, की कपॅसिटर बोर्डावरून उपटून टाकलेला असो, अंतिम करंट तोच. कॉइलचा इंडक्टन्सही आलेला नाही. आर्मेचर खेचलेलं असताना फट मिटल्याने इंडक्टन्स जास्त असतो, सुटलेलं असताना कमी. पण इंडक्टन्स शॉर्ट मानल्यावर त्या फरकाला हिशेबात जागाच उरत नाही. म्हणजे रिले उचललेला असो वा नसो, मीटर ४२ मिलिअँपिअरच दाखवणार. वॉचमनच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं: करंट पुरेसा आहे तो धरून ठेवायला, खेचायला नाही. आणि अंतिम करंटवरून या दोन्हींतला फरक कळत नाही.

म्हणून पाहावं लागतं ते सुरुवातीच्या काही मिलिसेकंदांत. स्विच जुळल्याच्या क्षणी नियम अगदी उलटे असतात. रिकाम्या कपॅसिटरचं व्होल्टेज एका क्षणात बदलू शकत नाही, म्हणून तो शॉर्टसारखा वागतो. कॉइलचा करंट एका क्षणात बदलू शकत नाही, म्हणून ती ओपनसारखी. तिथून करंट चढतो, शिखर गाठतो आणि हळूहळू अंतिम मूल्यावर उतरतो. या रिलेच्या कॉइलचा इंडक्टन्स अर्धा हेन्री धरून थंड कॉइलसाठी पूर्ण समीकरण सोडवलं तर ते असं येतं:

```
i(t) = 47.1 + 34.0 e^(-16.8 t) - 81.1 e^(-303 t)   mA, t सेकंदांत
```

पहिलं पद म्हणजे युक्तीने काढलेला अंतिम करंट. बाकीची दोन विरत जातात. जलद पदाचा टाइम कॉन्स्टंट ३.३ मिलिसेकंद, तो कॉइलचा. सावकाश पदाचा ६० मिलिसेकंद, तो कपॅसिटर भरण्याचा. कपॅसिटरला समोर १०० आणि १५५ ओहम पॅरलल दिसतात, म्हणजे ६१ ओहम, आणि ६१ गुणिले १००० मायक्रोफॅरड म्हणजे ६१ मिलिसेकंद. मोठं समीकरण न सोडवताही हा आकडा जवळपास मिळतो. पाच टाइम कॉन्स्टंट, म्हणजे ०.३ सेकंद गेल्यावरच "अंतिम" हा शब्द वापरावा.

रिलेची हमी ९ व्होल्टला उचलण्याची आहे, पण ती २० अंशांच्या आसपास थंड असलेल्या कॉइलची. करंटमध्ये ती ५८ मिलिअँपिअर होते, आणि तापमान काहीही असो, लागतो तो करंटच. थंड कॉइलमध्ये करंट १३ मिलिसेकंदांच्या सुमाराला ७३ पर्यंत चढतो आणि साधारण ५ ते ६७ मिलिसेकंद ५८ च्या वर राहतो. रिलेला उचलायला १५ मिलिसेकंद पुरतात, म्हणजे जागा भरपूर. ७० अंशांच्या कॉइलमध्ये शिखर फक्त ६२ आणि ५८ च्या वरचा काळ ७ ते २८ मिलिसेकंद. अजूनही जमतं, पण आता हात राखून काही नाही. आणि हे सगळं कपॅसिटर पूर्ण रिकामा आहे असं धरून.

आता टाकीतलं पाणी. रीड फ्लोटमध्ये चुंबक एका बारीक पट्ट्यात वर-खाली होतो, चालू आणि बंद पातळीत फरक थोडाच असतो. पातळी उतरते, फ्लोट जुळतो, पंप चालू होतो, काही सेकंदांत पाणी गच्चीवर पोचून टाकीत आदळतं आणि लाटा उठतात. एखादी लाट फ्लोटला क्षणभर उचलते आणि कॉन्टॅक्ट ३०–४० मिलिसेकंद तुटतो. होल्डवरच्या कमी करंटमुळे रिले तेवढ्यात सुटतो. लाट ओसरते, कॉन्टॅक्ट परत जुळतो.

तोवर कपॅसिटर रिकामा झालेला नसतो. फ्लोट तुटलेला असताना तो फक्त आपल्या पॅरलल १०० ओहममधून रिकामा होतो, टाइम कॉन्स्टंट १०० मिलिसेकंद. ४० मिलिसेकंदांनंतर ४.२ पैकी २.८ व्होल्ट त्यावर शिल्लक असतात. कॉइलला मिळतात ९.२ व्होल्ट, म्हणजे गरम कॉइलमध्ये फार तर ५० मिलिअँपिअर, आणि तेही चढायच्या आत कपॅसिटर पुन्हा भरू लागतो. ५८ गाठलेच जात नाहीत. करंट ४२ वर येऊन बसतो, रिले उघडा, एलईडी चालू, आणि ही अवस्था आपोआप सुटत नाही. सर्किटच्या दृष्टीने ही एक रीतसर स्थिर अवस्था आहे. सुटका फक्त सप्लाय पुरेसा वेळ तुटल्यावर. एमसीबी पाडून उचलायला हाताला एखादा सेकंद तरी लागतो, तेवढ्यात कपॅसिटर रिकामा होतो, म्हणून इलेक्ट्रिशियनला दर वेळी पंप "आपोआप दुरुस्त" झालेला सापडायचा.

गरम कॉइलसाठी पुन्हा जुळतानाच्या क्षणी ५८ मिलिअँपिअरची शक्यता हवी, तर कॉइलवर १०.८ व्होल्ट हवेत, म्हणजे कपॅसिटरवर १.२ पेक्षा जास्त नकोत. ४.२ वरून १.२ पर्यंत यायला १२० मिलिसेकंदांहून थोडं जास्त लागतं, आणि उचलायला लागणारा काळ धरला तर त्याहूनही. थंड कॉइलला हीच मर्यादा ४५ मिलिसेकंदांची. कॉन्टॅक्ट याहून जरा जास्त वेळ तोडणारी लाट सकाळी निभावून जाते, दुपारी नाही. याची खात्री बोर्डावरच करून घेता येते. फ्लोटच्या टर्मिनलची तार काढून दोन सेकंद थांबून लावली की रिले टक् करून उचलतो. पेटी गरम असताना तीच तार नुसती झटकन टेकवून-उचलून-टेकवली की आवाज येत नाही आणि रेझिस्टरवर ४.२ व्होल्ट दिसत राहतात.

याच लक्षणाचं दुसरं कारण आधी बाजूला काढावं लागतं, ते म्हणजे कपॅसिटर वाळणं. उष्णतेत इलेक्ट्रोलिटिकची क्षमता घटत जाते. १००० चा ४७० झाला तर गरम कॉइलमध्ये ५८ च्या वरचा काळ २१ वरून जेमतेम ९ मिलिसेकंदांवर येतो आणि रिले पहिल्याच जुळण्याला अडतो. फरक असा की वाळलेल्या कपॅसिटरवर दोन सेकंद थांबून लावूनही रिले उचलत नाही किंवा कधी उचलतो कधी नाही. इथे तो दर वेळी उचलत होता, आणि काढून एलसीआर मीटरवर ९४० मायक्रोफॅरड भरला, म्हणजे निरोगी. उलट दिशेचा बिघाड, कपॅसिटर शॉर्ट होणं, हा मात्र स्थिर मोजणीतच सापडतो: रेझिस्टरवर शून्य व्होल्ट, कॉइलवर पूर्ण १२, पंप व्यवस्थित चालू आणि रिले तापलेला. कपॅसिटरची गळती इथे दुर्लक्ष करण्यासारखी आहे. या आकाराच्या कपॅसिटरला पाव मिलिअँपिअरची परवानगी असते, ४२ पुढे ती काहीच नाही. रेझिस्टर मेगओहममध्ये असते तर "कपॅसिटर ओपन" हे वाक्य इतक्या सहज लिहिता आलं नसतं.

उपाय निवडताना पहिल्यांदा सुचतो तो कपॅसिटर बदलणं, आणि तो इथे चालत नाही. लहान घेतला तर लवकर रिकामा होतो, पण खेचण्याचा काळही त्याच प्रमाणात घटतो. मोठा घेतला तर खेचतो छान, पण रिकामा व्हायला आणखी वेळ. एकाच कपॅसिटरवर दोन्ही कामं टांगलेली आहेत.

सोसायटीत दोन गोष्टी केल्या. फ्लोट चार इंची पीव्हीसी पाइपमध्ये उभा घातला, पाइपला तळाशी काही बारीक भोकं आणि वर हवेसाठी एक. पाइपच्या आतली पातळी टाकीबरोबर चढते-उतरते, पण लाट आत शिरत नाही. पाइप गाळाने भरू नये म्हणून टाकी धुताना तोही धुवायचा, हे वॉचमनच्या वहीत लिहून ठेवलं. आणि बोर्डावर १०० ओहमच्या रेझिस्टरवर एक तार टाकून होल्ड सर्किटच बाद केलं. हा पंप एका वेळी तासाभरापेक्षा कमी चालतो. एवढ्या वेळासाठी कॉइलमधले अर्धा-पाऊण वॉट वाचवण्यात काही हशील नव्हतं. पेटीला खाली-वर जाळीची भोकं पाडल्यावर उष्णतेचा प्रश्नही उरला नाही. जिथे रिले दिवसभर उचललेला राहतो तिथे होल्ड सर्किट ठेवावं, पण मग फ्लोट आणि रिलेच्या मध्ये असा टायमर हवा की एकदा सुटल्यावर किमान अर्धा सेकंद परत सप्लाय जाणार नाही. अर्ध्या सेकंदात या कपॅसिटरवर एक टक्काही चार्ज उरत नाही.

तार टाकल्यावर पुन्हा हिशेब केला: कपॅसिटरच्या दोन्ही टोकांत शॉर्ट, उरले फक्त कॉइलचे ओहम. थंड असताना ७७ मिलिअँपिअर, ७० अंशांवर ६५. दोन्ही ५८ च्या वर, म्हणजे लाट आली, कॉन्टॅक्ट तुटला-जुळला तरी रिले पुन्हा उचलणार. आता अंतिम करंटच खेचायला पुरेसा आहे, आणि म्हणून या बदललेल्या बोर्डावर स्थिर अवस्थेची मोजणी घेऊन "ओके" म्हणता येतं.